बारा स्लाइड, सात सीन: लाँच व्हिडिओची स्क्रिप्ट प्रेझेंटेशनवरून कशी उभी करावी

लाँचच्या आधी प्रेझेंटेशन बहुतेक वेळा तयार असतं, व्हिडिओ नसतो. मग कुणीतरी म्हणतं, “स्लाइड आहेतच, त्यांच्यावर आवाज चढवला की झाला व्हिडिओ.” या वाक्यापासून सुरू झालेली तीन-चार कामं मी निस्तरली आहेत. दर वेळी अडचण एकच होती. स्लाइड दावा सांगते आणि सीनमध्ये काहीतरी घडावं लागतं. घडण्यासारखं काही नसलेली स्लाइड पडद्यावर आणली की प्रेक्षक ती वाचत बसतो. त्याचा वाचण्याचा वेग आणि निवेदकाचा बोलण्याचा वेग वेगळा असल्यामुळे दोन्हीतलं काहीच धड पोचत नाही.

म्हणून “स्लाइड 1 म्हणजे सीन 1” अशी जोडणी करायची नाही. आधी दावे वेगळे काढायचे, मग प्रत्येक दाव्यासाठी डोळ्यांना काय दिसेल ते ठरवायचं, आणि निवेदनाचे शब्द शेवटी लिहायचे. हे सगळं एका उदाहरणावर करून दाखवतो. उत्पादनाचं नाव बाजूला ठेवू. पाण्याची गळती ओळखून मुख्य व्हॉल्व आपोआप बंद करणारं एक घरगुती उपकरण आहे. त्याचे भाग तीन: जमिनीवर ठेवायचा चपटा सेन्सर, व्हॉल्वच्या दांड्यावर बसणारी मोटर आणि फोनमधलं ॲप. व्हिडिओ 90 सेकंदांचा हवा आहे.

आधी स्लाइडची झडती

आपल्या डेकमध्ये बारा स्लाइड आहेत. नाव, समस्या, नुकसानीचा तक्ता, उपाय, आतली रचना, तीन भाग, बसवण्याची पद्धत, ॲपचे चार स्क्रीनशॉट, चाचणीचे आकडे, स्पर्धकांशी तुलना, टीम, आणि कधी-कुठे मिळेल.

पॉवरपॉइंटच्या विंडोज आवृत्तीत File > Export > Create Handouts असा पर्याय आहे. त्यात “Notes next to slides” निवडलं की वर्डमध्ये एक तक्ता उघडतो: स्लाइडचा क्रमांक, तिचं छोटं चित्र आणि शेजारी तिच्या नोट्स. कामाची वही म्हणून मी हाच तक्ता वापरतो. त्याला उजवीकडे आणखी एक रकाना जोडतो आणि प्रत्येक स्लाइडसमोर एकच वाक्य लिहितो: ही स्लाइड काय पटवू पाहते? वाक्य सुचलं नाही तर ती स्लाइड व्हिडिओची नाही. “टीम” या स्लाइडसमोर मला काहीच लिहिता आलं नाही. “तुलना”समोर लिहिता आलं, पण ते 90 सेकंदांत पटवण्यासारखं नव्हतं. सहा रकान्यांचा तक्ता प्रेक्षक व्हिडिओ थांबवून वाचणार नाही.

त्या वाक्याशेजारी स्लाइडचं भवितव्य लिहायचं. ती सीन होईल, दुसऱ्या सीनमध्ये विरघळेल, नुसती आवाजात उरेल किंवा बाहेर जाईल. नुकसानीचा तक्ता, तुलना आणि टीम बाहेर गेल्या. ॲपच्या चार स्क्रीनशॉटपैकी एकच, गळतीच्या सूचनेचा, कामाचा निघाला. बाकीचे तीन सेटिंगचे होते, आणि सेटिंग बघून कुणी वस्तू घेत नाही.

एक गोष्ट याच वेळी उरकून घ्या. प्रत्येक स्लाइडला कायमचा क्रमांक द्या (S01, S02) आणि तो तिच्या नोट्सच्या पहिल्या ओळीत लिहा. मधे एक स्लाइड घुसवली की पॉवरपॉइंटचे क्रमांक सरकतात आणि “स्लाइड 9 चा आकडा” म्हणजे कुठला, यावर वाद सुरू होतो. बाहेर गेलेल्या स्लाइड पुसूनही टाकू नका, Hide Slide करा. लपवलेली स्लाइड क्रमांकात मोजली जाते, त्यामुळे मोजणी बिघडत नाही.

दाव्याचा सीन कसा होतो

सगळा व्हिडिओ ज्याच्यावर उभा आहे तो दावा S09 वर आहे. स्लाइडवर लिहिलंय: “जलद प्रतिसाद: गळती ओळखल्यापासून सरासरी 8 सेकंदांत पाणीपुरवठा स्वयंचलितपणे खंडित.” हे वाक्य जसंच्या तसं निवेदनात आलं तर काय होईल, ते मोठ्यानं वाचून बघा. “खंडित”पर्यंत पोचताना दम लागतो.

या दाव्यासाठी दिसायला काय हवं? सेन्सरवर पाणी पडतं, फोन वाजतो, मोटर फिरते, व्हॉल्व बंद होतो. हे सगळं एकाच न तुटलेल्या शॉटमध्ये हवं, कारण मधे कट आला की प्रेक्षकाला शंका येते, आणि ती रास्त असते. कोपऱ्यात चालू घड्याळ ठेवलं की आकडा बोलायचीही गरज उरत नाही.

इथपर्यंत कागदावर छान होतं. मग आम्ही फोननं कच्चं शूटिंग करून बघितलं आणि तीन गोष्टी समोर आल्या.

पहिली: व्हॉल्व बंद झाल्यावरही थेंब पडतच राहिले. व्हॉल्व आणि गळती यांच्या मधल्या पाइपात पाणी उरलेलं असतं, ते निथळणारच. आमच्या स्क्रिप्टमध्ये मात्र “आणि गळती थांबली” असं लिहिलं होतं. आवाज म्हणतोय थांबली आणि चित्रात टपटप चालू. हे लपवण्यासाठी कट मारण्यापेक्षा स्क्रिप्ट बदलली आणि त्या निथळण्यालाच एक वाक्य दिलं.

दुसरी: एका टेकमध्ये घड्याळानं नऊ सेकंद दाखवले. स्लाइड खोटी नव्हती, आठ ही सरासरी होती. पण प्रेक्षक सरासरी बघत नाही, तो समोरची एक वेळ बघतो. चाचणी घेणाऱ्यांना विचारलं तेव्हा कळलं की एकाही चाचणीत दहा सेकंद ओलांडले गेले नव्हते. म्हणून निवेदनात आणि स्लाइडवरही “दहा सेकंदांच्या आत” आलं. असा आकडा हाती आला की तो कुठून कुठपर्यंत मोजलाय तेही लिहून घ्या. इथे तो सेन्सरला पाणी लागल्यापासून व्हॉल्व पूर्ण मिटेपर्यंतचा आहे. पाइप फुटल्यापासूनचा नाही, कारण पाणी सेन्सरपर्यंत यायला किती वेळ लागेल ते उपकरणाच्या हातात नसतं.

तिसरी गंमतच आहे. शूटिंगमध्ये भलते मेसेज येऊ नयेत म्हणून कुणीतरी फोन “डू नॉट डिस्टर्ब”वर टाकला होता. त्यामुळे आमच्याच ॲपची सूचना वाजली नाही आणि दहा मिनिटं सगळे सेन्सर तपासत बसले. तो फोन वेगळा ठेवायचा आणि त्यात दुसरं कुठलंच खातं उघडायचं नाही, हे आता माझ्या शॉट लिस्टमध्ये कायमचं लिहिलेलं असतं.

सांगायचं असं, की मुख्य दाव्याचा सीन स्क्रिप्ट पक्की होण्याआधी एकदा खरोखर करून बघा. त्याला कॅमेरामन लागत नाही, वस्तू आणि फोन पुरतो.

जोडणीचा तक्ता

कच्च्या शूटिंगनंतर हा तक्ता तयार झाला. स्लाइडचा क्रम आणि सीनचा क्रम किती वेगळा आहे ते बघा.

| सीन | वेळ | स्लाइड | काय दिसतं | काय ऐकू येतं |
|---|---|---|---|---|
| 1 | 0:00–0:10 | – | रात्र, रिकामं स्वयंपाकघर, सिंकखाली पहिला थेंब | फक्त थेंबाचा आवाज |
| 2 | 0:10–0:22 | S02 | थेंबांचं थारोळं फरशीवर पसरतं | निवेदन |
| 3 | 0:22–0:44 | S05, S08, S09 | सेन्सर, फोन, मोटर एका शॉटमध्ये; कोपऱ्यात घड्याळ | तुटक निवेदन, मोटरचा आवाज |
| 4 | 0:44–0:54 | S04, S06 | टेबलावर तीन भाग | निवेदन |
| 5 | 0:54–1:08 | S07 | मोटर व्हॉल्वच्या दांड्यावर बसवणारे हात | निवेदन |
| 6 | 1:08–1:20 | – | अभियंता कॅमेऱ्याकडे बघून बोलतो | समोरासमोर बोलणं |
| 7 | 1:20–1:30 | S01, S12 | उपकरण, नाव, कुठे मिळेल | एक वाक्य |

डेकमध्ये पहिलं असलेलं नाव इथे शेवटी गेलं. सभागृहात लोक तुमच्यासाठीच बसलेले असतात, त्यामुळे तिथे नावानं सुरुवात चालते. व्हिडिओत नावाची पाटी पहिल्या पाच सेकंदांत आली तर बघणाऱ्याला थांबायचं काही कारण उरत नाही. पाचव्या स्लाइडवरची आतली रचना तिसऱ्या सीनमध्ये विरघळली. सेन्सरवर दोन धातूची टोकं असतात, पाण्यानं ती जोडली गेली की त्याला कळतं. पाणी त्या टोकांवर पोचताना दिसलं की आकृतीची गरजच राहत नाही.

स्लाइडच्या रकान्यात रेघ असलेल्या दोन सीनकडे नीट बघा. पहिला सीन वातावरणाचा आहे. सहावा सीन मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो डेकमध्ये नव्हता. “हे कुठे चालत नाही?” हा प्रश्न कुठलीच स्लाइड स्वतःहून विचारत नाही. बघणाऱ्याच्या मनात मात्र तो एक मिनिट उलटायच्या आत येतो. तक्ता भरून झाला की स्वतःला विचारा: इथपर्यंत बघितलेला माणूस आता काय खोदून विचारेल? त्याच्यासाठी जागा काढा, हवं तर तुमचा एखादा लाडका स्क्रीनशॉट बळी देऊन.

पाचव्या सीनबद्दल थोडक्यात. मोटर जुन्याच व्हॉल्वच्या दांड्यावर चढते, पाइप कापावा लागत नाही. पण दांड्याचा, पाव वळणात बंद होणारा बॉल व्हॉल्व असेल तरच. गोल चाकाच्या व्हॉल्ववर ती बसत नाही. ही अट निवेदनात आलीच पाहिजे, खाली बारीक अक्षरांत चालणार नाही.

शब्द शेवटी, आणि थोडे

मराठी निवेदनाचा वेग मी मिनिटाला 110 ते 120 शब्द धरतो. आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात. “सेकंदांच्या”, “बसवल्यानंतर” हे मोजायला एकेक शब्द असले तरी तोंडाला ते मोठे असतात. त्यामुळे इंग्रजी स्क्रिप्टच्या शब्दसंख्येवरून मराठीचा अंदाज बांधला तर शेवटची दहा सेकंद निवेदक धावत सुटतो. उत्तम म्हणजे ज्याचा आवाज असेल त्याला तुमच्याच मजकुराचं एक मिनिट वाचायला लावा आणि शब्द मोजा.

90 सेकंदांपैकी बोलणं 50-55 सेकंदांवर गेलं नाही तर बरं. म्हणजे साधारण शंभर शब्द. सगळ्यांना हे फार कमी वाटतं. तिसऱ्या सीनच्या 22 सेकंदांत आमचे सतराच शब्द आहेत:

> पाणी सेन्सरला लागलं. // फोन वाजला. // दहा सेकंदांच्या आत व्हॉल्व बंद. // पाइपात उरलेलं पाणी निथळेल, नवीन येणार नाही.

दोन तिरप्या रेघा म्हणजे पूर्ण श्वास. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मधे मोटर फिरतानाची घरघर एकटीच ऐकू येते. तिथे बोलायचं नाही, पार्श्वसंगीतही खाली आणायचं. उपकरण स्वतः जे बोलतं ते निवेदकानं बोलू नये.

आकडे स्क्रिप्टमध्ये अक्षरांत लिहा. “10” दिसायला छोटा असतो, पण “1080” बोलायला लागलं की वेळ जातो आणि वाचताना निवेदक अडखळतो. पडद्यावरच्या मजकुरात मात्र अंकच ठेवा. तो मजकूर किती वेळ राहू द्यायचा, याची माझी कसोटी साधी आहे: संथपणे दोनदा वाचून होईपर्यंत. आणि तोच मजकूर निवेदनात असेल तर शब्दही तेच असू द्या. पडद्यावर “10 सेकंदांच्या आत” आणि आवाजात “अवघ्या काही क्षणांत” असं झालं की माणूस दोन्ही सोडून देतो.

मजकूर ठरला की खर्च न करता एक चाचणी घ्या. स्लाइडची चित्रं आणि कच्च्या शूटिंगचे तुकडे तक्त्यातल्या वेळेनुसार एकामागोमाग लावा आणि फोनवर वाचलेला आवाज त्यावर चढवा. मग दोनदा बघा. एकदा आवाज बंद करून: मुख्य दावा कळतोय का? एकदा डोळे मिटून: जे चित्रात दिसतं तेच आवाज पुन्हा सांगतोय का? आमच्या चौथ्या सीनमध्ये निवेदक “हा सेन्सर, ही मोटर, हे ॲप” असं मोजून दाखवत होता. डोळे मिटल्यावर ते ठीक वाटलं, पण चित्रासोबत अगदीच बालवाडी. शेवटी नावं पडद्यावर ठेवली आणि आवाजात “पेटीत एवढंच असतं” उरलं.

बरेच जण फोनवर आवाज बंद ठेवूनच बघतात, तेव्हा सबटायटल लागतीलच. त्यांची SRT फाइल अशी दिसते:

```
4
00:00:34,500 --> 00:00:37,500
दहा सेकंदांच्या आत
व्हॉल्व बंद.
```

सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही. फाइल UTF-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. ओळ मनाला येईल तिथे तोडू नका: “दहा सेकंदांच्या” वर आणि “आत व्हॉल्व बंद” खाली असं तोडलं तर अर्थ ठेचकाळतो.

स्पीकर नोट्स दोन प्रकारच्या

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण “स्पीकर नोट्स” म्हणताना दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक नोट कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्यासाठी असते, दुसरी मंचावर प्रेझेंटेशन देणाऱ्यासाठी.

कॅमेऱ्यासमोरच्या नोट्समध्ये काय बोलायचं यापेक्षा कसं बोलायचं हे असतं. सहाव्या सीनमध्ये बोलणारा अभियंता काही नट नाही, त्याला पुढचं पान दिलं होतं:

> बोलायचं: हे उपकरण सगळ्या गळत्या ओळखत नाही. / सेन्सर जिथे ठेवाल, तिथलीच गळती त्याला कळते. // म्हणून पेटीत तीन सेन्सर दिले आहेत.
>
> कशासाठी: मर्यादा आपणहून सांगतोय. माफी मागत नाही, जाहिरातही करत नाही.
>
> जोर: “तिथलीच” या शब्दावर. “तीन”वर नको, ते विक्रीसारखं वाटतं.
>
> नजर: लेन्सकडे. तिसऱ्या वाक्याआधी हातातल्या सेन्सरकडे एकदा बघायचं.
>
> म्हणायचं नाही: “शंभर टक्के”, “कधीच”, “चिंता नको”.

शेवटची ओळ विसरू नका. माणूस अडखळला की तोंडातून नेमकी हीच वाक्यं निघतात, आणि टेक बाकी चांगला असला की ती एडिटमध्येही तशीच राहून जातात.

आणि टेलिप्रॉम्प्टरवर फक्त बोलायचा मजकूर टाका. एका शूटिंगमध्ये सूचनाही त्यातच होत्या आणि आमचे वक्ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “किंचित थांबा, हसा.” तो टेक अजून माझ्याकडे आहे.

मंचावरच्या नोट्स वेगळ्या. तिथे व्हिडिओ डेकच्या पोटात असतो, आणि वक्ता व्हिडिओआधी तेच सांगून मोकळा होण्याचा धोका असतो. ज्या स्लाइडवर व्हिडिओ आहे तिच्या नोट्समध्ये तीन गोष्टी हव्यात: व्हिडिओ सुरू करण्याआधीचं शेवटचं वाक्य, संपल्यावरचं पहिलं वाक्य, आणि कशाला आधी हात लावायचा नाही. आमच्याकडे ते असं होतं: “आधी: ‘एक रात्र बघू या.’ नंतर: तीन सेकंद गप्प, मग ‘तुमच्या घरी सेन्सर कुठे ठेवाल?’ आधी सांगू नये: दहा सेकंद, तीन सेन्सर.” व्हिडिओत येऊन गेलेल्या S05 आणि S09 या स्लाइड मंचावरच्या डेकमध्ये लपवल्या होत्या. वक्त्यानं त्या दाखवल्या असत्या तर प्रेक्षकानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली असती.

लाँचच्या आदल्या दिवशी आकडा बदलतो तेव्हा

बदलतोच. आधीच्या एका कामात बॅटरी किती महिने टिकते तो आकडा स्लाइडवर सुधारला गेला, पण व्हिडिओतला आवाज जुनाच राहिला. मंचावर वक्त्यानं एक आकडा सांगितला आणि पाच मिनिटांनी व्हिडिओनं दुसरा. पहिल्याच प्रश्नोत्तरात ते कुणीतरी काढलं.

तेव्हापासून जोडणीच्या तक्त्याला मी एक शेपूट जोडतो. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठे कुठे आलाय ते लिहायचं: स्लाइड, निवेदन, पडद्यावरचा मजकूर, सबटायटल, मंचावरच्या नोट्स. “दहा सेकंद” आमच्याकडे पाच जागी होता. त्यातला पडद्यावरचा मजकूर आणि सबटायटल काही मिनिटांत बदलतात, निवेदन बदलायला मात्र पुन्हा आवाज लागतो. म्हणून आकड्याची वाक्यं आम्ही वेगळी आणि आखूड ठेवतो, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच “पंधरा सेकंदांच्या आत” असा जास्तीचा टेकही घेऊन ठेवतो. नंतर घेतलेला तुकडा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माइकवर घेतला की जोड लगेच ऐकू येतो.

आणि व्हिडिओ अडकला तर? S09 लपवलेली आहे, पुसलेली नाही. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना तिचा क्रमांक टाइप करून Enter दाबलं की लपवलेली स्लाइडही उघडते. पण तिथे लागतो तो पॉवरपॉइंटचा आजचा क्रमांक, आपला S09 नव्हे. दोन्ही वेगळे झाले असतील, म्हणून तो क्रमांक व्हिडिओच्या स्लाइडच्या नोट्समध्ये पहिल्या ओळीत ठळक लिहून ठेवा, आणि त्याच्याखाली तिसऱ्या सीनची ती चार वाक्यं. वक्त्यानं ती हातात सेन्सर धरून म्हणायची.